कबुलीच्या शिक्क्याआधी

महाराष्ट्रात नोंदवलेल्या कुठल्याही करारनाम्याच्या शेवटी ‘दस्त गोषवारा’ नावाची छापील पाने जोडलेली असतात. घर घेणारे बहुतेक लोक ती वाचत नाहीत. त्या पानांवर एकामागून एक शिक्क्यांच्या वेळा छापलेल्या असतात, त्याही सेकंदासकट. पहिला शिक्का दस्त सादर झाल्याचा, दुसरा फी भरल्याचा, तिसरा कबुलीचा आणि चौथा ओळखीचा. कबुलीच्या वेळी दस्त करून देणारे लोक दुय्यम निबंधकासमोर उभे राहून सांगतात की हा दस्त आम्हीच करून दिला आहे. त्यानंतर त्यांना ओळखणारे दोन जण ‘हेच ते’ असे सांगतात. फोटो निघतो, अंगठा उमटतो आणि दस्त नोंदला जातो. या चार शिक्क्यांमधला तिसरा सर्वांत जड आहे. नोंदणी कायदा 1908 प्रमाणे, लिहून देणाऱ्याने दस्त केल्याचे नाकारले तर निबंधक त्याच्यापुरती नोंदणी नाकारतो. त्याने एकदा कबुली दिली की मागे फिरणे फार अवघड होते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून रद्दलेख करावा लागतो किंवा कोर्टाची पायरी चढावी लागते.

नोंदणीच्या आधी विक्रेता, खरेदीदार, बँकेचा अधिकारी आणि एजंट यांच्यात जो निरोप फिरतो, तो साधारणपणे असा असतो: ‘गुरुवारी सकाळी 11 वाजता रजिस्ट्रेशन आहे, सर्वांनी ओरिजिनल आधार, पॅन आणि फोटो घेऊन यावे, दोन साक्षीदार लागतील.’ या निरोपात चूक काही नाही, पण त्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट नाही. तो कोणते कागद आणायचे ते सांगतो, कोणते काम कोणत्या कामाच्या आधी झाले पाहिजे ते सांगत नाही. विसरलेले पॅनकार्ड तासाभरात घरून आणता येते, फार तर टोकन पुढे जाते. पण बँकेने मालमत्तेची कायदेशीर तपासणी पूर्ण करण्याआधीच साडेपाच लाखांचे मुद्रांक शुल्क भरले गेले, किंवा पैसे खात्यात येण्याआधी विक्रेत्याने कबुली देऊन टाकली, तर ते तासाभरात निस्तरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की हा निरोप कागदांच्या यादीभोवती रचू नये. तो मागे न घेता येणाऱ्या पावलांच्या क्रमाभोवती रचावा. प्रत्येक पावलापाशी लिहावे की ते कोण टाकणार, कधी टाकणार, आणि कोणता पुरावा हातात आल्याशिवाय टाकणार नाही. कागदांची यादी त्यात आपोआप आपली जागा घेते.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुणे महापालिकेच्या हद्दीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट. किंमत 80 लाख रुपये. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, त्याचे मूल्य याहून कमी येते, त्यामुळे शुल्क 80 लाखांवरच लागेल. दोन्हींपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर शुल्क, हा नियम आहे. खरेदीदार पती-पत्नी संयुक्त नावावर घेत आहेत, त्यामुळे फक्त महिलांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीला मिळणारी एक टक्क्याची सवलत त्यांना नाही. पुण्यात मूळ शुल्क आणि त्यावरचे स्थानिक अधिभार मिळून सात टक्के होतात, म्हणजे 5,60,000 रुपये. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला 30,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे एकूण 5,90,000. खरेदीदारांनी 60 लाखांचे गृहकर्ज मंजूर करून घेतले आहे आणि 20 लाख स्वतःचे घालायचे आहेत. विक्रेत्याच्या डोक्यावर याच फ्लॅटवरचे 22,40,000 रुपयांचे कर्ज दुसऱ्या एका बँकेत अजून चालू आहे, आणि फ्लॅटचे मूळ करारपत्र त्या बँकेच्या तिजोरीत आहे.

अशा व्यवहारात पैशांची गाठ ठरलेलीच असते. विक्रेत्याला वाटते की पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय कबुली देऊ नये. खरेदीदाराची बँक म्हणते की नोंदलेला करारनामा आणि सूची क्रमांक 2, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, हातात आल्याशिवाय चेक देणार नाही. विक्रेत्याची बँक म्हणते की कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय मूळ कागद सोडणार नाही. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि तिघेही अडून बसले तर व्यवहार होत नाही. ही गाठ नोंदणी कार्यालयाच्या बाकावर सुटत नाही. तिथे तीन तासांचे वाद होतात आणि कुणीतरी नाइलाजाने मान डोलावतो. ती आदल्या आठवड्यात लेखी सोडवलेली असावी लागते, आणि ती कशी सोडवली हे त्या एका निरोपात प्रत्येकाला वाचता आले पाहिजे.

महाराष्ट्रात ही गाठ सहसा करारनामा आणि खरेदीखत असे दोन टप्पे करून सोडवतात. आधी विक्री करारनामा पूर्ण मुद्रांक शुल्क भरून नोंदवायचा. त्यात स्पष्ट लिहायचे की उरलेली रक्कम बँकेकडून अमुक दिवसांत येईल आणि ताबा ती आल्यावरच दिला जाईल. पूर्ण पैसे मिळाल्यावर ताबा आणि अंतिम खरेदीखत. म्हणजे कबुली देताना विक्रेत्याच्या हातात 80 लाख नसतात, पण घराची किल्ली त्याच्याकडेच असते. हे संरक्षण पुरेसे आहे का, असा रास्त प्रश्न विचारता येईल. मला वाटते ते पुरेसे होते, पण एका अटीवर: खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा कबुलीच्या शिक्क्याआधी विक्रेत्याच्या खात्यात जमा झालेला असला पाहिजे. 20 लाख घालून बसलेला खरेदीदार बँकेच्या मागे लागून उरलेले पैसे आणतो. ‘चेक दोन दिवसांत क्लिअर होईल’ या शब्दावर कबुली दिली, तर विक्रेत्याच्या हातातले संरक्षण पातळ होते. आपल्या उदाहरणात हा हिस्सा असा मोडतो: एक लाख रुपये आधी दिलेले टोकन, 80,000 रुपये टीडीएस, आणि नोंदणीच्या सकाळी आरटीजीएसने जाणारे 18,20,000. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असली की एक टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा असतो आणि कापलेला महिना संपल्यापासून 30 दिवसांत भरायचा असतो. बँक आपल्या कर्जाच्या रकमेतून तो कापून देत बसत नाही, त्यामुळे पूर्ण 80,000 रुपये स्वतःच्या हिश्श्यातूनच वजा करणे सोयीचे पडते. हे विक्रेत्याला आधी सांगितले नसेल, तर नोंदणीच्या दिवशी खात्यात 19 लाखांऐवजी 18,20,000 दिसतात आणि सही करायला उचललेले पेन खाली ठेवले जाते.

खरेदीदाराचा धोका वेगळा असतो, आणि तो मंजुरीपत्राच्या गैरसमजातून येतो. बँकेचे सँक्शन लेटर म्हणजे अर्जदाराची पत बँकेला मान्य आहे, एवढेच. ज्या घरावर कर्ज द्यायचे त्या घराची तपासणी वेगळी होते. वकील कागदपत्रांची मालिका पाहतो, याला लीगल म्हणतात. मूल्यांकनकार घर पाहतो आणि मंजूर नकाशाशी ताडतो, याला टेक्निकल म्हणतात. गच्चीचा भाग आत घेतलेला असेल, भोगवटा प्रमाणपत्र नसेल, आधीच्या एखाद्या दस्तावर मुद्रांक कमी भरलेला असेल, तर मंजुरीपत्र खिशात असूनही पैसे अडतात. तोपर्यंत खरेदीदाराचे 20 लाख आणि शासनाकडे भरलेले 5,90,000 अडकलेले असतात. म्हणून निरोपात बँकेच्या नावापुढे ‘कर्ज मंजूर आहे’ हे वाक्य चालणार नाही. ‘लीगल आणि टेक्निकल दोन्ही पूर्ण, करारनाम्याचा मसुदा मान्य’ हे वाक्य लागते, आणि मुद्रांक शुल्क भरण्याचे पाऊल त्या वाक्यानंतरच ठेवावे लागते.

मुद्रांक शुल्काच्या वेळेबद्दल लोकांची दोन टोके दिसतात. काही जण हातात पैसे आले की लगेच भरून मोकळे होतात, काही जण कार्यालयाच्या दारात मोबाइलवर भरायला घेतात. कायद्याने पाहिले तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचे कलम 17 सांगते की शुल्क सही करण्याआधी, सही करताना, किंवा फार तर सहीच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे. म्हणजे आधी भरण्याची सक्ती नाही. पण चलनाशिवाय दस्त नोंदणीला पुढे जात नाही, त्यामुळे व्यवहारात ते नोंदणीआधीच लागते. दारात भरण्यातली अडचण तांत्रिक आहे. नेट बँकिंगची दिवसाची मर्यादा अनेकदा 5,90,000 च्या खाली असते आणि ती वाढवायला वेळ लागतो. शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीवर चलन काढल्यावर कधी खात्यातून रक्कम वजा होते, पण चलनाची स्थिती प्रलंबितच दिसते. ती दुरुस्त व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो. फार आधी भरण्यातली अडचण अशी की व्यवहार मोडला तर परतावा मिळतो, पण त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो, वजावट होते आणि वाट पाहावी लागते. शिवाय चलनावर पैसे भरणाऱ्याचे नाव, मालमत्तेचे वर्णन आणि कार्यालयाचे नाव येते. मसुदा पक्का होण्याआधी चलन काढले आणि नंतर खरेदीदारांत एक नाव वाढले किंवा कार्यालय बदलले, तर नसता गुंता होतो. म्हणून योग्य वेळ या दोन्हींच्या मध्ये येते: बँकेचा होकार आणि मसुद्याचा होकार मिळाल्यानंतर, नोंदणीच्या साधारण दोन कामाचे दिवस आधी. मधला एक दिवस चलन अडकले तर ते सोडवण्यासाठी मोकळा राहतो.

यावर कुणी म्हणेल की एवढे सगळे जुळवत बसले तर ठरलेली तारीख हुकेल, आणि चौघांची पुन्हा सुट्टी जुळणार नाही. अडचण खरी आहे, पण कायदा याबाबत उदार आहे. नोंदणी कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो. राज्य सरकारने 2020-21 मध्ये मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये तीन टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च 2021 मध्ये दोन टक्क्यांची. तेव्हा मुदतीच्या अखेरीस अनेकांनी शुल्क भरून सह्या केल्या आणि गर्दी ओसरल्यावर, चार महिन्यांच्या आत, नोंदणी केली. सहीचा दिवस आणि नोंदणीचा दिवस वेगळे असू शकतात, हे तेव्हा मोठ्या प्रमाणावर दिसले. आणि सहीच झाली नसेल तर चार महिन्यांचे घड्याळ सुरूही होत नाही. म्हणजे तारीख पुढे गेली तर सुट्टी आणि गाडीभाडे वाया जाते. क्रम चुकला तर लाखोंची रक्कम टांगणीला लागते. यांतले काय परवडते हे उघड आहे.

पक्क्या मसुद्यासोबत आणखी एक कागद तपासायचा राहतो, आणि घाईत तोच निसटतो. कार्यालयात जाण्याआधी दस्ताची माहिती संगणकावर भरली जाते, तिला पब्लिक डेटा एंट्री म्हणतात. एजंट किंवा वकिलाकडचा मुलगा ती भरतो, तिचा क्रमांक मिळतो आणि त्यावर टोकन घेतले जाते. इंडेक्स टू या नोंदीतूनच छापला जातो. त्यात सदनिकेचा क्रमांक 504 ऐवजी 405 गेला, क्षेत्रफळ चौरस मीटरऐवजी चौरस फुटांच्या आकड्याने भरले गेले, किंवा पॅनवरच्या नावातला मधला शब्द गळला, तर नोंदणीनंतर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. त्यासाठी पुन्हा सगळ्यांना तिथेच यावे लागते. बँकही इंडेक्स टू आणि करारनामा यांतली तफावत पाहिली की चेक थांबवते. त्यामुळे या नोंदीची प्रत निरोपासोबत जावी, आणि प्रत्येकाने आपले नाव, पॅन आणि पत्ता तपासल्याचे कळवावे. आधारची छायाचित्रे मात्र गटात टाकू नयेत. ती ज्याला लागतात त्या एका माणसालाच, शक्यतो पहिले आकडे झाकलेल्या स्वरूपात, द्यावीत.

आता आपल्या उदाहरणातला निरोप प्रत्यक्ष कसा दिसेल ते पाहू. नोंदणी गुरुवारी, 20 नोव्हेंबरला करायची आहे, आणि एजंटाने तो शनिवारी पाठवला आहे.

‘सर्वांना नमस्कार. फ्लॅटची नोंदणी गुरुवार, 20 नोव्हेंबर, टोकनची वेळ सकाळी 11.45. कार्यालय टोकनवर छापलेले हवेली कार्यालयच, दुसरे नाही. पत्ता आणि नकाशा खाली दिला आहे. करारनाम्याचा अंतिम मसुदा आणि डेटा एंट्रीची प्रत सोबत आहे.

सोमवार 17, दुपारी 1 पर्यंत: दादा बँकेचा ईमेलवरचा होकार इथे टाकतील की लीगल व टेक्निकल पूर्ण आहे आणि हा मसुदा मान्य आहे. सोमवार संध्याकाळी 5 पर्यंत: काका (विक्रेते), दादा आणि वहिनी (खरेदीदार) आपापली नावे, पॅन, सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ तपासून “बरोबर” असे लिहितील. हे दोन्ही निरोप आले नाहीत तर मंगळवारी मुद्रांक भरायचा नाही.

मंगळवार 18, सकाळी 11: दादा चलन भरतील, मुद्रांक 5,60,000 आणि नोंदणी फी 30,000. जीआरएन क्रमांकासह पावती मला पाठवतील. त्याच दिवशी काकांचे खाते बँकेत जोडून 1 रुपया पाठवतील. खाते क्रमांक काकांना फोन करून त्यांच्या आवाजात पडताळून घ्यावा.

बुधवार 19, दुपारी 4 पर्यंत: काका त्यांच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (30 नोव्हेंबरपर्यंत वैध, रोजचे व्याज लिहिलेले), बँकेकडे असलेल्या कागदांची यादी आणि सोसायटीचे ना हरकत पत्र आणून ठेवतील. दस्त हाताळणी शुल्क आणि दस्ताची छपाई माझ्याकडे.

गुरुवार 20: सर्वांनी 10.45 ला कार्यालयात. काकांनी आणायचे: मूळ आधार, पॅन, मूळ शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची व मिळकत कराची शेवटची पावती, वीजबिल. दादा-वहिनींनी: मूळ आधार, पॅन, चलन, सँक्शन लेटर. ओळख देणारे दोघे मी आणतो, त्यांची ओळखपत्रे माझ्याकडे आहेत. 11.00 ला छापील दस्त दोन्ही बाजू वाचतील. 11.10 ला दादा 18,20,000 चा आरटीजीएस करतील. रक्कम जमा झाल्याचे काका स्वतःच्या खात्यात पाहून सांगतील, मग यूटीआर क्रमांक दस्तात भरून सह्या. 11.45 ला दस्त सादर. 11.40 पर्यंत रक्कम दिसली नाही तर सह्या थांबतील आणि मी पुढचे टोकन घेईन. सर्व्हर बंद असेल तर 4 पर्यंत थांबू, नंतर शुक्रवारी सकाळी.

नोंदणीनंतर: दस्त आणि इंडेक्स टू मी त्याच संध्याकाळी बँकेत देईन. गुरुवार 27 पर्यंत बँक दोन चेक देईल: विक्रेत्याच्या कर्जखात्याला फोरक्लोजरची त्या तारखेची रक्कम, आणि 60 लाखांतून उरलेली काकांना. ताबा दोन्ही जमा झाल्यावर. कृपया प्रत्येकाने फक्त आपल्या ओळीबद्दल “माझ्याकडून पक्कं” असे आज रात्रीपर्यंत लिहावे.’

निरोप लांब आहे, पण त्यात टाकाऊ ओळ नाही. गुरुवारच्या मजकुरातली 11.10 ते 11.45 ही वेळ विशेष पाहण्यासारखी आहे. दस्त छापून तयार आहे, दोन्ही बाजूंनी वाचला आहे, सह्या बाकी आहेत, आणि त्या पोकळीत पैसे हलतात. पैसे देताना खरेदीदारासमोर विक्रेता आणि दस्त दोन्ही हजर आहेत. सही करताना विक्रेत्याच्या खात्यात पैसे जमा आहेत. दोघांचीही जोखीम काही मिनिटांपुरती उरते. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून दिवसरात्र चालते, आणि पैसे घेणाऱ्या बँकेला ते पोचल्यापासून अर्ध्या तासात खात्यात जमा करावे लागतात, म्हणून 35 मिनिटे ठेवली आहेत. यूटीआर क्रमांक छापील दस्तात हाताने भरणे कायद्याला धरून आहे का, अशी शंका येईल. नोंदणी कायद्याचे कलम 20 सांगते की दस्तात मध्येच लिहिलेला मजकूर, रिकामी जागा, खाडाखोड किंवा बदल असेल आणि त्यापाशी दस्त करून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरी नसेल, तर अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. म्हणजे जागा सोडून ती भरणे चालते, फक्त भरलेल्या जागेपाशी त्यांनी छोट्या सह्या केल्या पाहिजेत. मंगळवारचा एक रुपयाही अनाठायी नाही. बहुतेक बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. आणि खाते क्रमांकात एक आकडा चुकला असेल तर तो 18 लाख गेल्यावर कळण्यापेक्षा एका रुपयावर कळलेला बरा.

या पद्धतीवर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की ‘सह्या थांबतील’, ‘मुद्रांक भरायचा नाही’ असली वाक्ये अविश्वास दाखवतात. वयाने मोठ्या विक्रेत्याला ती टोचतात, असे एजंटही सांगतात. मला हे उलट वाटते. अट काही दिवस आधी, सर्वांना एकदम, सर्वांसाठी सारखी लिहिलेली असेल तर ती कोणा एकावर नसते. तीच अट गुरुवारी कार्यालयात, दस्त समोर असताना, एकाने दुसऱ्याच्या तोंडावर काढली तर ती खरोखरच अविश्वासाची होते. दुसरा आक्षेप बँकेच्या अधिकाऱ्याबद्दल आहे: तो अशा गटात काही लिहून देत नाही. हे बहुतांशी खरे आहे, कारण त्याला लेखी बांधून घेण्याचा अधिकार नसतो. म्हणून त्याच्याकडून गटात उत्तराची अपेक्षा ठेवण्याऐवजी खरेदीदाराने बँकेच्या ईमेलवर विचारून तिथला होकार घ्यावा आणि तो गटात टाकावा. एजंट तोंडी सांगतो की ‘साहेबांशी बोललो, सगळं ओके आहे’, त्यावर साडेपाच लाख भरू नयेत. एजंटाचे मानधन व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असते. तो प्रामाणिक असला तरी त्याच्या ऐकण्यात होकाराकडे कल असतो. सर्व्हर बंद पडला तर वेळापत्रक कोलमडते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच निरोपात तासांइतकाच क्रम स्पष्ट आहे. सर्व्हर तीन तास बंद राहिला तर शिक्के तीन तास पुढे जातात, पण पैशांनंतर सही आणि सहीनंतर कबुली हा क्रम जागचा हलत नाही. पैसे गेल्यावर आणि सह्या झाल्यावर सर्व्हर बंद पडला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण सही झालेल्या दस्ताला चार महिने आहेत. फक्त सही केलेले मूळ दस्त त्या रात्री कोणाकडे राहतील हे ठरलेले असावे. माझ्या मते ते खरेदीदाराकडे राहावेत, कारण पैसे त्याचे गेले आहेत.

विक्रेता परदेशात असेल तर या वेळापत्रकात एक आठवडा पुरत नाही. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणारे अनेक मराठी लोक पुण्या-ठाण्यातली घरे भावाच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र देऊन विकतात. ते मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा अपोस्टिल करून केलेले असावे लागते, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरलेला असावा लागतो. नोंदणीच्या दिवशी मुखत्याराला घोषणापत्र द्यावे लागते की मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही आणि देणारी व्यक्ती हयात आहे. टीडीएसचा दरही तिथे एक टक्का राहत नाही, अनिवासी विक्रेत्याला वेगळे आणि बरेच जड नियम लागतात. अशा व्यवहारात निरोपाची पहिली ओळ मुखत्यारपत्राच्या मुद्रांकाची असावी, बँकेची नंतर.

नोंदणी झाली की लोक पेढे वाटतात. पण आपल्या उदाहरणात त्या वेळी 60 लाख रुपये अजून बँकेतच असतात. त्या दिवसांत सर्वांत जास्त घोटाळा फोरक्लोजरच्या आकड्यात होतो. 22,40,000 वर साडेआठ टक्के व्याज धरले तर रोजचे साधारण 520 रुपये वाढतात. पत्रावर 20 तारखेची रक्कम असेल, बँकेने त्याच रकमेचा चेक काढला आणि तो 25 तारखेला जमा झाला, तर सुमारे 2,600 रुपये कमी पडतात. रक्कम किरकोळ आहे, पण तेवढ्यासाठी कर्जखाते बंद होत नाही. खाते बंद झाले नाही तर मूळ कागद सुटत नाहीत, आणि मूळ कागद न आल्याने खरेदीदाराची बँक आपली फाइल अपुरी धरते. हा फरक विक्रेत्याने त्याच दिवशी भरायचा, हे निरोपात आधीच लिहून टाकावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये घातले आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास रोज 5,000 रुपये भरपाई सांगितली आहे. म्हणून 27 नोव्हेंबरनंतर एजंटाने दुसरा, छोटा निरोप पाठवायचा असतो. त्यात कर्जखाते बंद झाल्याची तारीख लिहायची, कागदांच्या यादीतला प्रत्येक कागद मिळाला का ते लिहायचे, आणि खरेदीदाराच्या बँकेकडे मूळ कागद गहाण ठेवल्याची नोटीस 30 दिवसांत दाखल करायची तारीख लिहायची. ही तारीख खरेदीदाराने स्वतःच्या दिनदर्शिकेतही मांडून ठेवावी, कारण तोपर्यंत विक्रेत्याला पैसे आणि एजंटाला मानधन मिळालेले असते, आणि या एका कामाची आठवण करून देणारे दुसरे कोणी उरलेले नसते.